बोअरमधलं पाणी मिलिअँपमध्ये वाचताना: बुडता प्रेशर ट्रान्समीटर निवडण्यापासून जुळवणीपर्यंत

मराठवाड्यात बोअर घेतला की त्याची खोली फुटांत सगळ्यांना पाठ असते, पण आज पाणी किती फुटांवर आहे हे बहुतेकांना मोटर हवा ओढायला लागल्यावरच कळतं. बेसाल्टच्या खडकात पाणी भेगांमधून आणि सच्छिद्र थरांतून येतं. म्हणून ऑक्टोबरात पन्नास फुटांवर असलेली पातळी एप्रिलमध्ये अडीचशेच्या खाली जाऊ शकते आणि मोटर चालू असताना तर तासाभरात शंभर-दीडशे फूट उतरते. ही हालचाल सतत दिसावी यासाठी पाण्यात बुडवून ठेवायचा प्रेशर ट्रान्समीटर हे सर्वांत सरळ साधन आहे. डोक्यावर पाण्याचा जितका स्तंभ, तितका दाब, आणि तितका वायरमधून जाणारा प्रवाह: पाणी नसताना ४ मिलिअँप, पूर्ण क्षमतेला २०.

इथे सहा-साडेसहा इंची बोअर, त्यात व्ही-४ मोटर आणि वर ESP32 सारखं छोटं कार्ड, असा एकच प्रसंग धरला आहे. टाकी किंवा शेततळ्यासाठी जोडणी हीच, फक्त ट्रान्समीटर ५ मीटर क्षमतेचा घ्यायचा.

क्षमता ठरवताना

समजा बोअर ४०० फूट, म्हणजे १२२ मीटर आहे. मोटर ११० मीटरवर सोडली आहे. ट्रान्समीटर मोटरच्या वरच राहायला हवा. मोटरच्या बाजूने तो खाली घुसवला तर मोटर काढताना दोघं एकमेकांत अडकतात, आणि व्ही-६ असेल तर तेवढी जागाही नसते. म्हणून तो १०५ मीटरवर टांगायचा. पावसाळ्यानंतर पाणी १५ मीटरपर्यंत वर येत असेल तर डोक्यावरचा स्तंभ ९० मीटर होतो. त्यासाठी ० ते १०० मीटरचा ट्रान्समीटर योग्य.

"असू दे मोठा" म्हणून २०० मीटरचा घेऊ नका. अचूकता पूर्ण क्षमतेच्या टक्क्यांत दिलेली असते. अर्धा टक्का म्हणजे १०० मीटरच्या यंत्रात अर्धा मीटर, २०० मीटरच्या यंत्रात एक मीटर. ही चूक पाणी भरपूर असताना जाणवत नाही. पण उन्हाळ्यात यंत्रावर चारच मीटर पाणी उरतं तेव्हाही ती तेवढीच राहते.

लेबल नीट वाचा. काहींवर १०० मीटर पाणी लिहिलेलं असतं, काहींवर १० बार. दोन्ही एक नाहीत. १० बार म्हणजे जवळजवळ १०२ मीटर पाणी. इथेच दोन टक्क्यांचा फरक पडतो.

केबल घेताना आत हवेची बारीक नळी असलेलीच घ्या. ट्रान्समीटरच्या पडद्यावर पाण्याबरोबर हवेचाही दाब असतो, आणि तो वजा व्हावा म्हणून पडद्याची मागची बाजू या नळीतून वरच्या हवेशी जोडलेली असते. नळी नसलेल्या यंत्रात हवामान बदललं की पातळी दहा-पंधरा सेंटिमीटर आपोआप हलते. शंभर मीटरच्या बोअरला ते चालून जाईल, पण तीन मीटरच्या टाकीला नाही. केबल यंत्रापासून बोअरच्या तोंडापर्यंत अखंड हवी. आपल्या उदाहरणात ती ११० मीटर मागवायची. बोअरच्या आत जोड देऊन वर टेप गुंडाळणं म्हणजे बिघाडाला आवतण.

लूपची जोडणी

दोन वायरचा ट्रान्समीटर त्याच दोन वायरींमधून स्वतःची वीजही घेतो. २४ व्होल्टच्या पुरवठ्याच्या धन टोकापासून ५० मिलिअँपचा रिसेटेबल फ्यूज, तिथून ट्रान्समीटरची धन वायर. त्याची परतीची वायर १०० ओहमच्या रेझिस्टरच्या एका टोकाला, आणि रेझिस्टरचं दुसरं टोक पुरवठ्याच्या ऋण टोकाला. कार्डाचं ग्राउंडही याच ऋण टोकाला. वायरींचे रंग प्रत्येक कंपनीत वेगळे असतात, म्हणून यंत्रावरची चिठ्ठी पाहूनच जोडा. बहुतेक यंत्रांत उलट जोडणीपासून संरक्षण असतं. जोडणी उलटी झाली तर प्रवाह शून्य दिसतो, एवढंच.

२० मिलिअँपला रेझिस्टरवर २ व्होल्ट पडतात, ४ ला ०.४ व्होल्ट. आता पुरवठ्याचा हिशेब करा. रेझिस्टरचे २ व्होल्ट, ११० मीटर लांब बारीक केबलच्या जाण्या-येण्याचे साधारण अर्धा व्होल्ट, फ्यूजचे थोडे. २४ मधून इतकं वजा होऊन ट्रान्समीटरला एकवीसच्या वर उरतात, आणि त्याला लागतात १० ते १२. सोलरच्या १२ व्होल्ट बॅटरीवर थेट जोडलं तर मात्र नऊ-साडेनऊच उरतात. ही चूक फसवी आहे. पाणी खाली असताना प्रवाह कमी असतो, वायरीत व्होल्टेजही कमी पडतं, त्यामुळे आकडा बरोबर येतो. पावसाळ्यात पाणी चढलं की आकडा चौदा-पंधरा मिलिअँपवर अडून बसतो आणि पुढे सरकतच नाही. बॅटरीच असेल तर मध्ये २४ व्होल्टचा बूस्ट मॉड्यूल टाका.

रेझिस्टर ०.१ टक्क्याचा, मेटल फिल्मचा घ्या. मे महिन्यात पत्र्याच्या स्टार्टर पेटीत हात लावायची सोय नसते, आणि साधा कार्बन रेझिस्टर त्या उष्णतेत आपली किंमत बदलतो. रेझिस्टर वाचण्यासाठी ESP32 चा अंगचा एडीसी वापरू नका. तो सरळ रेषेत वाचत नाही. ADS1115 हे सोळा बिटचं छोटं मॉड्यूल ३.३ व्होल्टवर चालवा. रेझिस्टर आणि त्याच्या इनपुटच्या मध्ये ४.७ किलोओहम, आणि इनपुट ते ग्राउंड १० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावा.

हा ४.७ किलोओहम दोन कामं करतो. केबल कुठे शॉर्ट झाली तर फ्यूज तापून अडेपर्यंत पूर्ण २४ व्होल्ट रेझिस्टरवर येतात. तेव्हा इनपुटमध्ये जाणारा प्रवाह पाच मिलिअँपच्या आत राहतो आणि मॉड्यूल वाचतं. शिवाय कपॅसिटरच्या जोडीने तो मोटरच्या केबलमधून शिरलेली ५० हर्ट्झची थरथर गाळून टाकतो. बोअरमध्ये तीन फेजची केबल आणि आपली केबल शंभर मीटर शेजारी शेजारी उतरतात, म्हणून ही थरथर येणारच. केबलची जाळी वरच्या एकाच टोकाला अर्थ करा. दोन्ही टोकांना केली तर जाळीतूनच प्रवाह फिरायला लागतो.

बोअरमध्ये सोडणं

साडेसहा इंची बोअरला केसिंग फक्त वरच्या काही फुटांत असतं, खाली उघडा खडक. कडा खरबरीत असतात, आणि वरच्या भेगेतून पडणारं पाणी केबलवर सतत आदळतं. म्हणून ४० मिलिमीटरचा एचडीपीई पाईप मोटरच्या पाईपला बांधून खाली न्यायचा आणि ट्रान्समीटर त्याच्यातून सोडायचा. पाईपच्या खालच्या पाच-सहा मीटरला ८ मिलिमीटरची भोकं पाडा, टोक उघडं ठेवा. घेण्याआधी ट्रान्समीटरचा व्यास आणि पाईपचा आतला व्यास दोन्ही मोजा. यंत्र सहसा २६-२८ मिलिमीटरचं असतं आणि जाड भिंतीच्या पाईपात ते अडकतं. हा पाईप लावायची वेळ म्हणजे मोटर वर काढलेली असते तेव्हाची. नंतर तो घालता येत नाही.

केबल रस्त्यावर सरळ अंथरून स्टीलच्या टेपने मोजा आणि दर ५ मीटरवर रंगीत खूण करा. अंतर केसिंगच्या तोंडापासून मोजायचं. बोअरवाल्याची फुटं बहुधा जमिनीपासून असतात आणि केसिंग दीड-दोन फूट वर असतं, हा फरक वहीत लिहून ठेवा.

सोडण्याआधी ट्रान्समीटर सावलीत उभा टांगून अर्धा तास ठेवा आणि लूपमध्ये मल्टिमीटर घालून हवेतला प्रवाह नोंदवा. उन्हात तापलेल्या यंत्राचं शून्य सरकलेलं असतं. समजा ४.०२ मिलिअँप आले. हा तुमचा शून्य.

मल्टिमीटर तसाच ठेवून केबल हळूहळू सोडा. बराच वेळ आकडा ४.०२ वरच राहील, आणि एका क्षणी हलायला लागेल. तेव्हा थांबा आणि केसिंगच्या तोंडाशी केबलची कोणती खूण आहे ते पाहा: तेवढ्या अंतरावर पाणी आहे. वेगळं पातळी मोजण्याचं साधन न वापरता पहिली खरी नोंद इथेच मिळते. केबल हातातून सुटू देऊ नका. पाण्यावर आपटण्याच्या धक्क्यानेही आतला पातळ पडदा जाऊ शकतो.

उचल-चाचणी, जी बहुतेक जण गाळतात

लेबलनुसार १०० मीटर म्हणजे १६ मिलिअँप, म्हणून दर मिलिअँपला ६.२५ मीटर. पण लेबलचा मीटर हा ४ अंशांच्या पाण्याचा आणि प्रमाण गुरुत्वाकर्षणाचा. बोअरचं पाणी २७ अंशांच्या आसपास असतं आणि थोडं हलकं असतं. मराठवाड्याच्या अक्षांशावर गुरुत्वाकर्षणही प्रमाण मूल्यापेक्षा किंचित कमी आहे. दोन्ही मिळून अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त फरक पडतो, म्हणजे ९० मीटर पाण्याला यंत्र ८९.५ म्हणतं. त्यात यंत्राची स्वतःची चूक मिसळते. हे सगळं एका झटक्यात निस्तरता येतं.

ट्रान्समीटर १०५ मीटरवर असताना प्रवाह नोंदवा. मग खुणा पाहून बरोबर २० मीटर वर उचला, पाच मिनिटं थांबा, पुन्हा नोंदवा. मोटर आधीचे काही तास बंद असायला हवी, नाहीतर पातळीच सरकत असते. आणि २० मीटर उचलल्यावरही यंत्र पाण्यातच राहील इतकं पाणी वर हवं. समजा खाली १४.०३ होते आणि वर १०.८५ झाले. फरक ३.१८ मिलिअँप. २० भागिले ३.१८ म्हणजे दर मिलिअँपला ६.२९ मीटर. हा तुमच्या बोअरचा, तुमच्या यंत्राचा आकडा.

आता यंत्र परत १०५ मीटरवर नेऊन क्लॅम्पने पक्कं करा. १४.०३ वजा ४.०२ म्हणजे १०.०१, गुणिले ६.२९ म्हणजे ६३ मीटर पाणी यंत्रावर. १०५ मधून ६३ गेले, पाणी तोंडापासून ४२ मीटरवर, साधारण १३८ फुटांवर. मघाशी सोडताना आकडा जिथे हलला होता, तिथेही हेच अंतर आलं पाहिजे. अर्ध्या मीटरपेक्षा जास्त तफावत आली तर बहुधा खुणा चुकल्या आहेत किंवा यंत्र पाईपात मध्येच टेकलं आहे.

पातळी वाचायला कार्डाला एवढं पुरतं:

```cpp
#include <Wire.h>
#include <Adafruit_ADS1X15.h>
Adafruit_ADS1115 ads;

const float R = 99.8;         // ओहम
const float I_ZERO = 4.02;    // हवेतला प्रवाह
const float M_PER_MA = 6.29;  // उचल-चाचणीतून
const float HANG = 105.0;     // मीटर

float readMA() {
  float sum = 0;
  for (int i = 0; i < 16; i++)
    sum += ads.computeVolts(ads.readADC_SingleEnded(0));
  return sum / 16 / R * 1000.0;
}

void setup() {
  Serial.begin(115200);
  ads.setGain(GAIN_ONE);
  ads.setDataRate(RATE_ADS1115_8SPS);
  ads.begin();
}

void loop() {
  float ma = readMA();
  if (ma < 3.6 || ma > 21.0) {
    Serial.printf("FAULT %.2f mA\n", ma);
  } else {
    float head = (ma - I_ZERO) * M_PER_MA;
    Serial.printf("%.2f mA  %.1f m\n", ma, HANG - head);
  }
  delay(8000);
}
```

`R` मध्ये रेझिस्टरवर छापलेला आकडा घालू नका. लूपमध्ये मल्टिमीटर ठेवा आणि स्क्रीनवरचा मिलिअँप त्याच्याशी जुळेपर्यंत `R` बदला. ४.७ किलोओहममुळे येणारी बारीक चूकही त्यातच मिटते.

मोटर बंद करायची रेषा

यंत्रावर ४ मीटर पाणी उरलं की मोटर थांबवा. आपल्या उदाहरणात ते ४.६६ मिलिअँपला होतं. एक मीटरची रेषा ठेवण्याचा मोह होतो, पण अर्ध्या मीटरची चूक धरली तर तिथे विश्वास ठेवण्यासारखं काही उरत नाही. पाणी पुन्हा यंत्रावर २५ मीटर चढेपर्यंत मोटर सुरू होऊ देऊ नका, नाहीतर भेगेतून आलेलं घोटभर पाणी पाहून मोटर दर पाच मिनिटांनी उठत-बसत राहते आणि वाइंडिंग जळतं. प्रत्येक बोअरला पाणी धरायला किती वेळ लागतो ते आठवड्याभराच्या नोंदींत दिसतं, त्यावरून हा २५ चा आकडा बदला.

मोटर थांबवायला कार्डावरून चालणारा रिले लावा, आणि त्याचा जो संपर्क वीज नसताना उघडा असतो तो स्टार्टरच्या नो-व्होल्ट कॉइलच्या सिरीजमध्ये घ्या, म्हणजे कार्ड बंद पडलं तरी मोटर बंदच राहील. त्या कॉइलवर ४१५ व्होल्ट असू शकतात. मेन स्विच खाली करून, जाणत्या वायरमनकडूनच हे काम करून घ्या. प्रवाह ३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर गेला तर त्याला पातळी समजू नका. तो बिघाड आहे, आणि बिघाडात मोटर थांबलीच पाहिजे.

आकडा खोटं बोलायला लागतो तेव्हा

शून्य मिलिअँप म्हणजे वायर तुटली किंवा उलटी जोडली. सतत ४.०२ म्हणजे पाणी यंत्राच्याही खाली गेलं. हे दोन्ही लगेच ओळखू येतात. खरा धोका आहे तो हळू सरकणाऱ्या आकड्याचा.

बोअरच्या तोंडाशी असलेल्या जोडपेटीत ओल शिरली की दोन वायरींमधून थोडा प्रवाह परस्पर गळतो आणि तो ट्रान्समीटरच्या प्रवाहात मिसळून रेझिस्टरमधून जातो. ही गळती आकडा नेहमी वाढवतेच. ०.१ मिलिअँप गळती म्हणजे ६० सेंटिमीटर पाणी फुकट दिसणं. ०.७ झाली तर ४ मीटरची रेषा कधीच ओलांडली जाणार नाही आणि मोटर कोरडी चालेल, स्क्रीनवर मात्र पाणी दिसत राहील. तपासायचं असं: पेटीत ट्रान्समीटरच्या दोन्ही वायरी सोडा आणि कार्डावरचा आकडा पाहा. तो नक्की ०.०० यायला हवा. ०.०५ जरी दिसला तरी पेटीपासून स्टार्टरपर्यंतची केबल आणि टर्मिनल कोरडी करा किंवा बदला.

हवेच्या नळीचा दोष उलट दिशेने दिसतो. नळीचं तोंड जोडपेटीत उघडं, पण कोरडं राहायला हवं. केबल ग्लँडमध्ये आवळून ते चेपलं, सिलिकॉनने बुजलं किंवा जुलैच्या दमट हवेत आत पाणी साचलं, तर पडद्याच्या मागे दाब अडकतो. नळीत एक मीटर पाणी उभं असेल तर पातळी एक मीटर कमी दिसते. पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवा, पावसाळ्यात दर महिन्याला बदला, आणि पेटीला पाणी न जाणारं पण हवा जाणारं एक छिद्र असू द्या.

पातळी खरोखर बदलत असताना आकडा तासनतास मागे राहत असेल तर पडद्यासमोर गाळ किंवा क्षार साचला आहे. इथल्या जड पाण्यात वर्ष-दोन वर्षांत हे होतंच. मोटर काढाल तेव्हा यंत्रही वर घ्या आणि पुढचं जाळीदार टोपण काढून लिंबूसत्वाच्या पातळ द्रावणात रात्रभर बुडवा. काडी, सुई किंवा ब्रश आत घालू नका, पडदा कागदाइतका नाजूक असतो. मग सावलीत टांगून शून्य पुन्हा नोंदवा.

राहिली वीज. मे-जूनच्या वळवात विजा कडाडतात तेव्हा ट्रान्समीटर बोअरच्या पाण्याच्या विभवावर असतो आणि कार्ड स्टार्टरच्या अर्थच्या. जवळ वीज पडली की दोघांतला फरक लूपमधूनच वाट काढतो. म्हणून जोडपेटीत २४ व्होल्ट लूपसाठीचा सर्ज प्रोटेक्टर लावा, आणि केसिंग, प्रोटेक्टर व स्टार्टर यांचे अर्थ जाड तांब्याच्या तारेने एकत्र बांधा. वेगवेगळे तीन अर्थ रॉड ठोकून सोडून दिले तर प्रोटेक्टर असूनही कार्ड जातं. आभाळ भरून आलेलं असेल आणि तुम्ही शेतातच असाल, तर वादळ येण्याआधी पेटीतला लूपचा कनेक्टर काढून ठेवा. वीज कडाडायला लागल्यावर पेटीला हात लावायला जाऊ नका.